‘मामाचं पत्र’ ठरलेल्या क्रमाने: ऑटिझम असलेल्या मुलासह वर्गात खेळ कसा घ्यावा

‘मामाचं पत्र हरवलं’ या खेळात बाकीच्या मुलांना ज्याची मजा वाटते, तेच ऑटिझम असलेल्या मुलाला जड जातं. रुमाल कुणाच्या पाठीमागे पडेल ते कळत नाही, पाठीत धपाटा बसतो, सगळे एकदम ओरडतात. म्हणून त्याला खेळायचंच नाही असं धरून बाजूला बसवू नका. पुढे काय होणार हे त्याला आधीच दिसेल, असा खेळ मांडा.

आठ मुलांचा गोल पुरे. खडूने प्रत्येकाची जागा आखा. ती रोज तीच, आणि खेळाची वेळही तीच. भिंतीवर चार चित्रांची पट्टी लावा: बसणं, रुमाल घेऊन चालणं, रुमाल देणं, टाळी वाजवून संपवणं. शेजारी वाटीत आठ चिंचोके ठेवा.

आता नियम बदला. रुमाल पाठीमागे टाकायचा नाही, पुढच्या मुलासमोर ठेवायचा, तोही ओळीने. पळणं नाही, धपाटा नाही, गाणं हळू आवाजात. पाळी झाली की त्या मुलाने एक चिंचोका डब्यात टाकायचा. वाटी रिकामी झाली की खेळ संपला. इथे कडक राहा. मुलं ‘बाई, अजून एकदा!’ म्हणतील, पण एकदा खेळ वाढवलात, की वाटीवरचा त्या मुलाचा भरवसा उडतो.

त्याला तिसरी पाळी द्या, म्हणजे आधी दोघांचं बघता येतं आणि फार थांबावंही लागत नाही. तो उठला नाही तर हात धरून ओढू नका. चित्रावर बोट ठेवा आणि मनात दहापर्यंत मोजा. तो बोलत नसेल, तर रुमाल पुढे ठेवला की त्याची पाळी पूर्ण झाली.

तो डोलत असेल, हात हलवत असेल, तर तसंच राहू द्या. बहुतेकदा तो स्वतःला सावरत असतो. कान झाकले, गुणगुण वाढत गेली, गोलाबाहेर सरकू लागला, तर मात्र गाणं थांबवा आणि शांत कोपऱ्याचं कार्ड त्याच्यापुढे धरा. परत यायचं की नाही ते त्याला ठरवू द्या.

आठवडाभर तो पूर्ण गोल निवांत बसला, की एकच गोष्ट बदला. समजा, रुमाल उलट दिशेने फिरवायचा आहे. तर खेळाआधी पट्टीवर बाणाचं चित्र लावून त्याला दाखवा. पाठलाग सगळ्यात शेवटी आणा. नाही आणला तरी चालेल.

एखादं मूल गैरहजर असलं की बसवलेला क्रम हमखास बिघडतो. रिकाम्या जागेपाशी रुमाल अडतो, वाटीत एक चिंचोका उरतो आणि आपलं मूल रडायला लागतं. त्या दिवशी सुरुवातीलाच त्याच्यादेखत ती जागा पुसा आणि एक चिंचोका काढून घ्या.