फिकं फुटेज सुधारताना वेव्हफॉर्म कसा वाचायचा

शिकाऊ असताना फिकं फुटेज आलं की मी थेट कॉन्ट्रास्टचा स्लायडर ओढायचो. रात्री दिवा लावून केलेलं काम सकाळी उजेडात बघितलं की वेगळंच दिसायचं, कारण डोळे खोलीतल्या उजेडाला सरावतात. पण स्कोप, म्हणजे चित्रातला उजेड मोजून दाखवणारा आलेख, सरावत नाही, हे मला एका क्लिपवर नीट कळलं.

जुलैतलं कोकण. ओटीवर बसलेले काका, अंगात पांढरा सदरा, मागे खुंटीला काळी छत्री, उजवीकडे अंगणात धुकं. हिस्टोग्रामवर सगळा ढीग मधोमध होता आणि दोन्ही टोकं रिकामी. म्हणजे चित्रात खरा काळा नाही आणि खरा पांढराही नाही. पण त्या ढिगात चेहरा कुठला आणि धुकं कुठलं, हे हिस्टोग्राम सांगत नाही. तो फक्त कुठल्या उजेडाचे पिक्सेल किती, एवढंच मोजतो.

वेव्हफॉर्ममध्ये डावी-उजवी बाजू फ्रेमसारखीच असते आणि उंची म्हणजे उजेड. रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी 0 ते 1023 दिसत असेल तर सेटिंगमध्ये टक्केवारी निवडा, वाचायला सोपं जातं. छत्री 35 वर होती, चेहरा 50 वर आणि सदरा 68 वर.

आधी लिफ्ट, म्हणजे मुख्यतः गडद भाग हलवणारा कंट्रोल, उतरवत छत्री 5 वर आणली. लिफ्टने सगळंच थोडं खाली खेचलं जातं, त्यामुळे चेहराही 27 च्या आसपास घसरला. इथे घाबरून मधला उजेड हलवणारा गॅमा वाढवू नका. आधी मुख्यतः उजळ भाग हलवणारा गेन वाढवून सदरा 88 पर्यंत न्या. चेहरा आपोआप पंचेचाळिसाच्या जवळ येतो, छत्री मात्र 8 वर चढते. लिफ्ट पुन्हा जराशी उतरवली आणि मग शेवटी गॅमाने चेहरा 50 वर आणला. काका उन्हात येऊन बसल्यासारखे स्पष्ट दिसू लागले.

पण धुक्यात पट्टे उमटले. फुटेज 8 बिटचं होतं, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत एकूण 256 पायऱ्या. 35 ते 68 एवढ्या जागेत उजेडाच्या जेमतेम 84 पायऱ्या होत्या, त्या मी अडीचपट ताणल्या. हिस्टोग्राम बघितला तर कंगव्यासारख्या फटी पडलेल्या. अशा फटी दिसल्या की ताण जास्त झाला हे ओळखायचं. शिवाय धुक्यातल्या दृश्यात काळा मुळातच फिका असतो. छत्री 5 वर ओढून मी पाऊसच पुसून टाकला होता.

वर, शंभराजवळ, सपाट रेघ दिसली तर गेन खाली करून बघा. रेघ तशीच सपाट राहून खाली सरकली तर तो भाग शूटिंगमध्येच जळलेला आहे. त्यातला तपशील परत येत नाही.

त्या क्लिपमध्ये शेवटी छत्री 14 वर ठेवली आणि सदरा 82 वर. पट्टे जवळजवळ गेले, आणि अंगणात पुन्हा पावसाळी हवा दिसू लागली.