किमान साठ्याची सूचना उशिरा का येत होती?

आमच्या औषध दुकानात रक्तदाबाच्या एका गोळीच्या 20 पट्ट्या उरल्या की मला ईमेल यावी, अशी सोय मी गूगल शीटमध्ये केली होती. तरीही माल येण्यापूर्वी फळी दोनदा रिकामी झाली. 20 हा आकडा मी केवळ अंदाजाने ठरवला होता, हे विक्रीची वही तपासल्यावर लक्षात आले. रोज सरासरी 6 पट्ट्या खपतात आणि माल 4 दिवसांत येतो, म्हणजे वाट पाहतानाच 24 पट्ट्या लागतात. शिवाय महिन्याच्या सुरुवातीला खप 9 पर्यंत जातो आणि मध्ये सुट्ट्या आल्यास माल यायला 6 दिवस लागतात. म्हणून 9 × 6 = 54 ही नवी पातळी मी ठरवली; त्यात 30 पट्ट्या निव्वळ राखीव आहेत. महागड्या किंवा लवकर मुदत संपणाऱ्या औषधाला मात्र मी इतकी राखीव ठेवणार नाही.

दुसरा दोष अधिक त्रासदायक होता. मागणी नोंदवल्यानंतरही रोज सकाळी तीच ईमेल येई, त्यामुळे आम्ही ती उघडेनासे झालो. आता शिल्लक (B) आणि मागवलेला माल (C) यांची बेरीज पातळीशी (D) ताडली जाते:

```
=IF(B2+C2<=D2,"मागवा","")
```

माल फळीवर लावताच C मधून तेवढी संख्या वजा करावी लागते. एकदा ते राहून गेले, तेव्हा तोच माल दोनदा मोजला जाऊन सूचना आलीच नाही.