घाट दिसला म्हणजे गोदाघाट नव्हे

मित्रांनो, परवा काळ्या दगडाच्या पायऱ्या, नदी आणि देवळाचा फोटो पाहून मी ठणकावून सांगितलं, ‘आपला गोदाघाट!’ शेजारी एमएच-१५ ची, म्हणजे आपल्या नाशिकची गाडीही होती. फोटो निघाला वाईचा. काळा बेसॉल्ट तर अर्ध्या महाराष्ट्रात आहे. आणि नंबरप्लेट गाडीची नोंदणी सांगते, ती उभी कुठे आहे ते नाही. नाशिककर वाईला जातातच की!

म्हणून आधी एवढंच म्हणा: ‘दख्खनमधला नदीघाट.’ मग इतरत्र नसेल अशी खूण शोधा. दुतोंड्या मारुती दिसला तर गोदाघाट, ढोल्या गणपतीचं देऊळ दिसलं तर वाई. दोन्ही चौकटीबाहेर असतील, तर ‘बहुधा’ लिहून थांबा.