सोनं गहाण ठेवताना: वजनकाट्यापासून पावतीपर्यंत

माझ्या मावशीने लेकीच्या फीसाठी आजीच्या पाटल्या आणि ठुशी तारण ठेवायचं ठरवलं, तेव्हा पहिलं काम केलं ते लक्ष्मी रोडवरच्या ओळखीच्या सराफाकडे जाऊन दोन्हींचं वजन आणि कस काढून घेण्याचं. तुम्हीही तेच करा. कर्ज देणाऱ्याचा आकडा ताडून पाहायला हाताशी आपला आकडा हवा.

पाटल्या भरल्या ४४ ग्रॅम, पण जुन्या घडणीच्या, २० कॅरेटच्या. म्हणजे २२ कॅरेटच्या हिशेबाने ४० ग्रॅम. ठुशी १३ ग्रॅम, त्यातला गोफ, लाख आणि खडे मिळून ३ ग्रॅम वजा. उरलं १० ग्रॅम. मजुरीला किंमत शून्य.

मग बँकेत किंवा सोनेतारण कंपनीत जा. तिथे दागिना कसोटीच्या दगडावर घासून आम्ल लावतात किंवा मशीनखाली धरतात. मशीन वरचा थरच वाचतं, म्हणून जाड मुलाम्याचा संशय आला की वरचा थर कानशीने घासून आतला धातू तपासावा लागतो. ही तपासणी तुमच्यासमोर व्हायला हवी, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. एकूण वजन, वजावट, निव्वळ वजन आणि कॅरेट लिहिलेला दाखला सहीसह घ्या. वजावट जास्त वाटली तर तिथेच विचारा, पाकीट सीलबंद झाल्यावर वाद घालून फारसं हाती लागत नाही.

भाव मात्र दुकानातल्या फळ्यावरचा धरत नाहीत. मागच्या ३० दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद भाव, यांतला कमी तो. हिशेबाच्या सोयीसाठी ग्रॅमला १०,००० रुपये धरू. ५० ग्रॅमचे झाले ५ लाख. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नियमांनुसार अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ८५ टक्के, त्यापुढे पाच लाखांपर्यंत ८० आणि त्याहून मोठ्याला ७५ टक्के ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे मावशीला जास्तीत जास्त ४ लाख.

इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. मुद्दल आणि व्याज वर्षाअखेरीस एकदम फेडायचं असेल, तर ती मर्यादा व्याज धरून मोजतात. १२ टक्के दराने हातात येतील सुमारे ३ लाख ५७ हजारच, कारण त्यावरचं व्याज मिळवलं की ४ लाख होतात. महिन्याच्या महिन्याला व्याज भरलंत तर पूर्ण ४ लाख मिळू शकतात. मावशीने तेच निवडलं, पण घेतले तीनच लाख. भाव पडला तर मध्येच पैसे भरायला बोलावू नयेत म्हणून.

सही करण्याआधी ‘महिना १ टक्का’ हा दर हप्ता चुकल्यावर किती होतो, ते करारात शोधा. काही योजनांत सवलतीचा दर वेळेवर भरणाऱ्यालाच असतो. थकलंच तर आधी नोटीस येते, मग लिलाव. लिलावाची राखीव किंमत सुरुवातीला चालू मूल्याच्या ९० टक्क्यांहून कमी ठेवता येत नाही आणि देणं वजा जाऊन उरलेली रक्कम तुमचीच असते. कर्ज फिटल्यावर दागिने ७ कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवेत. कर्ज देणाऱ्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई.

पाकीट घेताना ते काउंटरवरच उघडून, वजन करून घ्या.