‘चूक की बरोबर, सकारण स्पष्ट करा’: संसदेच्या धड्यावर हा प्रश्न काढण्याआधी

पुस्तक शेजारी घ्या, तीन विधानं काढा, ‘कोणतेही दोन’ असं लिहा, प्रत्येकी २ गुण. दहावीच्या बोर्डाच्या पेपरात राज्यशास्त्राला हाच साचा असतो, म्हणून आठवीपासून आपण तोच वापरतो. इथपर्यंत कुणाचं काही चुकत नाही.

चुकतं ते उत्तरसूचीत. मागच्या सहामाहीला माझ्या सूचीत विधानापुढे ‘चूक, २ गुण’ एवढंच होतं. दोन तुकड्यांचे पेपर दोघांनी तपासले आणि एकाच उत्तराला एका वर्गात दीड, दुसऱ्या वर्गात अर्धा गुण पडला. मधल्या सुट्टीत मुलांनी पेपर शेजारी ठेवून पाहिले आणि थेट विचारलं. उत्तर द्यायला सूचीत काही नव्हतं. म्हणून बाकी काही विसरलात तरी चालेल, पण कारणाचे गुण कशाला आणि किती, हे विधान लिहितानाच लिहून ठेवा. पेपर छापून आल्यावर नाही, तपासायला बसल्यावर तर नाहीच.

आधी विधान निवडायचं. त्याच्यापुढे ‘का?’ विचारून पाहा. ‘राज्यसभेत राष्ट्रपती १२ सदस्य नामनिर्देशित करतात’ हे बरोबर आहे, पण त्याचं कारण मुलाने काय लिहायचं? संविधानात तसं आहे, एवढंच. असली विधानं रिकाम्या जागांसाठी ठेवा. याउलट ‘राज्यसभा हे कायमस्वरूपी सभागृह आहे’ यात कारण दडलेलं आहे: ती एकाच वेळी बरखास्त होत नाही, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि त्यांच्या जागी नवे येतात. तीनपैकी एक विधान तरी असं बरोबर असलेलं घ्या. तिन्ही ‘चूक’ असतील तर मुलं दुसऱ्या पेपरपासून डोळे मिटून ‘चूक’ लिहितात.

एका विधानात एकच दावा. ‘राज्यसभेचे सभापती उपराष्ट्रपती असतात आणि त्यांची मुदत सहा वर्षे असते’ यातला पहिला भाग बरोबर, दुसरा चूक, कारण उपराष्ट्रपतींची मुदत पाच वर्षांची. सहा वर्षं राज्यसभेच्या सदस्याची. ज्या मुलाला पहिलं पक्कं माहीत आहे तो ‘बरोबर’ लिहील आणि त्याचं ज्ञान वाया जाईल. ‘लोकसभा राज्यसभेपेक्षा श्रेष्ठ आहे’ असली मतांची विधानंही नकोत. दोन्ही बाजूंनी चांगलं उत्तर लिहिता येतं आणि सूची कोलमडते.

जुन्या नोट्समधून विधान उचलत असाल तर तारीख पाहा. लोकसभेत दोन अँग्लो-इंडियन सदस्य नेमले जातात हे वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. १०४ व्या घटनादुरुस्तीने ती तरतूद २५ जानेवारी २०२० पासून संपली. त्यामुळे कमाल सदस्यसंख्या ५५२ वरून ५५० झाली. जुनं गाईड आणि आजचं संविधान यांत अडकलेल्या मुलाला दोष देता येत नाही.

आता पुन्हा मुद्द्यावर, कारण हाच मुद्दा राहतो. एक विधान पूर्ण करून दाखवतो: ‘राज्यसभा धनविधेयक फेटाळू शकते.’ उत्तर चूक. कारणाचे तीन मुद्दे: राज्यसभेला फक्त शिफारशी करता येतात आणि विधेयक १४ दिवसांत परत पाठवावं लागतं; त्या शिफारशी स्वीकारायच्या की नाही हे लोकसभा ठरवते; १४ दिवसांत विधेयक परत आलं नाही तर ते दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं असं धरलं जातं. निर्णयाला अर्धा गुण, प्रत्येक मुद्द्याला अर्धा. निर्णयाला पूर्ण एक गुण देऊ नका. नाणं उडवूनही निम्म्या वेळा तो बरोबर येतो, मग आपण कारण विचारलंच कशाला?

एवढ्यावर सूची संपत नाही. मुलं प्रत्यक्षात जे लिहितील ते आधीच लिहून त्यापुढे गुण टाका. ‘चूक, कारण राज्यसभा धनविधेयक फेटाळू शकत नाही.’ हे विधान उलटं करून लिहिलं आहे, कारण नाही. निर्णयाचा अर्धा, कारणाला शून्य. ‘चूक, कारण धनविधेयक फक्त लोकसभेतच मांडता येतं.’ इथे हात अडतो. माहिती खरी आहे, पण विधेयक कुठे मांडायचं हा एक प्रश्न आणि आलेलं विधेयक फेटाळता येतं का हा दुसरा. साधं विधेयक लोकसभेत मांडलेलं असलं तरी राज्यसभा ते नाकारू शकते, म्हणजे या वाक्यातून निष्कर्ष निघतच नाही. माझ्या मते इथेही अर्धाच गुण. तुम्हाला एक द्यावासा वाटला तर द्या, पण तो आधी ठरवा आणि दुसऱ्या तुकडीच्या शिक्षकांनाही तोच द्यायला सांगा. मागच्या वेळी आमचे गुण नेमके याच उत्तरावर फुटले. ‘राज्यसभा ते १४ दिवसच ठेवू शकते’ एवढंच लिहिलं तर एक. ‘बरोबर’ लिहून खाली १४ दिवसांचं पूर्ण कारण लिहिलं असेल तर निर्णयाचा अर्धा जातो, मुद्द्यांचे गुण मिळतात. मूल विषय समजलेलं आहे, लिहिताना घसरलं आहे.

तिन्ही विधानांसाठी असा तक्ता करा. करा म्हणजे कराच. एका विधानाचा तक्ता करताना अडखळलात तर विधानच सदोष आहे, बदला. ‘लोकसभा व राज्यसभा यांच्यात धनविधेयकावर मतभेद झाल्यास संयुक्त बैठक बोलावतात’ असं तिसरं विधान घ्यायचं माझ्या मनात होतं. संयुक्त बैठक धनविधेयकासाठी नसते, म्हणून उत्तर चूक. पण त्याचं कारण पुन्हा वरच्या विधानाचंच कारण निघतं. एकच पाठांतर दोनदा वापरून मूल चारही गुण घेईल. म्हणून ते काढलं. त्याऐवजी सदस्याच्या वयाचं किंवा मुदतीचं विधान नको, त्यात कारण नाही. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं, यावर विधान करा. अविश्वासाचा ठराव लोकसभेतच मांडला जातो, तो मंजूर झाला तर मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागतो, असं कारण सुटसुटीत लिहिता येतं.

बाकी पटकन. ‘फक्त’, ‘कधीही’, ‘सर्वच’ हे शब्द विधानात आले की मुलं ‘चूक’ ओळखतात, तपासून काढा. ‘नाही असे नाही’ छापाची नकारांची गुंतागुंत नको. सूचनेत ‘दोन ते तीन वाक्यांत’ असं लिहा, नाहीतर कुणी चार शब्द लिहील, कुणी अर्धं पान. शब्द पुस्तकातलेच. टायपिंग झाल्यावर ‘चूक’ची ‘चुक’ झाली आहे का पाहा.

पेपर आला की तक्त्याची प्रत दोन्ही तुकड्यांच्या गठ्ठ्यांवर लावा. पहिले पाच पेपर दोघांनी मिळून तपासा. तक्त्यात नसलेलं पण पटणारं कारण कुणी लिहिलं तर ते लगेच तक्त्यात घाला, दुसऱ्याला कळवा आणि आधी तपासलेले पेपर त्यासाठी पुन्हा चाळा.