नीटचं सेंटर अनोळखी गावात आलंय? जाण्या-येण्यातल्या या चुका टाळा

माझ्या भाचीची नीट होती तेव्हा आम्ही एका शाळेच्या गेटसमोर साडेबाराला उभे होतो. बोर्डावरचं नाव हॉलतिकिटाशी जुळत होतं, पण गेटवर एकही पोरगं नव्हतं. भाची म्हणाली, "मामा, बोर्ड तर हाच आहे ना?" बोर्ड तोच होता, शाखा दुसरी होती. त्याच संस्थेची आणखी एक शाळा शहराच्या दुसऱ्या टोकाला होती आणि सेंटर तिथं होतं. रिक्षावाल्यानं जीव तोडून रिक्षा हाणली. आम्ही 1 वाजून 22 मिनिटांनी पोचलो आणि दीडला गेट बंद झालं. घामानं भिजलेली, रडवेली पोर आत गेली. ते आठ मिनिटांचं अंतर मी अजून विसरलेलो नाही. दोन वर्षांनी भाच्याची पाळी आली, तेव्हा सगळी आखणी मी स्वतःच्या हातात घेतली.

"हॉलतिकीट आल्यावर बघू"

बहुतेक घरांत घोळ इथंच होतो. नीटच्या आधी दोन वेगवेगळे कागद हाती येतात. पहिल्यावर फक्त शहर कळतं. सेंटरचा पूर्ण पत्ता हॉलतिकिटावर येतो आणि ते अगदी तोंडावर मिळतं. 2025 ची परीक्षा रविवारी, 4 मे रोजी होती. शहर 23 एप्रिललाच कळलं होतं, हॉलतिकीट मात्र 30 एप्रिलला आलं, म्हणजे ते आल्यावर परीक्षेआधी एकही रविवार उरला नाही. पत्ता कळल्यावरच चाचणी फेरी मारू असं ठरवलं, तर रविवारी गाड्या कशा धावतात हे बघायची संधी हातची जाते.

म्हणून फेरीचे दोन तुकडे करा. शहर कळलं की परीक्षेच्या आधीच्या रविवारी गाव ते शहर एवढाच प्रवास, परीक्षेला निघणार त्याच वेळी निघून करून बघा. दुसरा तुकडा, म्हणजे शहरातून सेंटरच्या गेटपर्यंतचा, शनिवारी करा. पहिल्या फेरीला विद्यार्थ्याला नेऊच नका. त्याला अभ्यास करू द्या, ते काम सोबत जाणाऱ्याचं आहे.

एसटीचं वेळापत्रक रोजचंच धरणं

आमचं गाव मंठ्याजवळ. सेंटरचं शहर होतं छत्रपती संभाजीनगर. 27 एप्रिलच्या रविवारी मी एकटाच निघालो. गावात मुक्कामी येणारी बस सकाळी 6 ची, ती 6 वाजून 20 मिनिटांनी हलली आणि 8.20 ला जालन्यात पोचली. तिथं 25 मिनिटं थांबावं लागलं. 8.45 ची गाडी धरून सव्वादहाला सिडको बसस्थानकावर उतरलो. घरापासून चार तास पंधरा मिनिटं झाली होती आणि शहरातलं अंतर अजून बाकीच होतं.

त्या दिवशी कंडक्टरशी बोलताना जे कळलं ते वेळापत्रकात कुठं लिहिलेलं नसतं. मुक्कामी गाडी सकाळी सुटेल की नाही, हे आदल्या रात्रीच ठरतं. रात्री ती गावात आलीच नाही, तर सकाळी ती असणारच नाही. तेव्हा झोपायच्या आधी पारावर जाऊन गाडी उभी आहे का, हे डोळ्यांनी बघा. मे महिना लग्नसराईचा. एसटीच्या गाड्या प्रासंगिक करारावर वऱ्हाडाला दिल्या जातात आणि आगाराला फेऱ्या रद्द कराव्या लागतात. ज्या गाड्या धावतात त्याही भरून वाहतात, मधल्या फाट्यावर हात केला तर थांबतीलच असं नाही. मानव विकासच्या निळ्या बस तर शाळेच्या दिवसांसाठी असतात, रविवारी त्यांच्या भरवशावर राहू नका.

रेल्वेनं जाणाऱ्यांना एकच सांगतो. परभणी-मनमाड मार्गाचं दुहेरीकरण पूर्ण होईपर्यंत क्रॉसिंगसाठी गाडी एखाद्या लहान स्टेशनवर अर्धा तास उभी राहणं नवं नाही. सकाळी पोचवणारी एकच गाडी असेल, तर ती परीक्षेच्या दिवशी धरू नका, आदल्या दिवशी धरा.

गाडी चुकली तर काय, हा हिशेब न करणं

"दहा वाजता पोचतोय, दीडला गेट बंद होतं, भरपूर वेळ आहे," असं सगळे म्हणतात. मी वेगळं विचारतो: ठरवलेली गाडी आलीच नाही, तर त्यानंतरच्या गाडीनं आपण गेट बंद व्हायच्या आधी पोचतो का?

आमचा हिशेब असा निघाला. मुक्कामी बस मिळाली तर सव्वादहाला सिडको, शहरात एक तास धरला तर सव्वाअकराला गेटवर. ती नसली तर काळी-पिवळीनं मंठा, तिथून साडेसातची गाडी, नऊला जालना, अर्धा तास थांबणं, अकराला सिडको आणि बाराला गेट. म्हणजे एक गाडी चुकली तरी निभावत होतं. पण त्यात जालन्याच्या पुढे टायर पंक्चर झालं किंवा शहरातल्या तासाचे दोन झाले, तर दीड वाजलाच म्हणून समजा.

माझं मत स्पष्ट आहे. घर ते गेट तीन तासांच्या वर असेल किंवा दोनदा गाडी बदलावी लागत असेल, तर शनिवारी मुक्कामाला जा. मात्र ज्यांच्याकडे उतरणार त्यांना आधी फोन करा, कारण लग्नसराईत पाहुण्यांच्याच घराला कुलूप असतं. लॉजही लग्नाच्या तारखांना भरलेले असतात.

नकाशातल्या खुणेवर विश्वास ठेवणं

हॉलतिकीट आलं. पत्त्यात संस्थेचं नाव, "गट नं." आणि वाळूज. शहराबाहेरच्या नव्या शाळा-कॉलेजांचे पत्ते असेच असतात आणि गट नंबर रिक्षावाल्याला काही सांगत नाही. मोबाईलच्या नकाशात त्याच नावाच्या तीन खुणा दिसल्या. मला लगेच भाचीचा प्रसंग आठवला.

अशा वेळी सेंटरचं पूर्ण नाव अक्षर न् अक्षर जुळवा. प्राथमिक शाळा, ज्युनिअर कॉलेज आणि इंजिनिअरिंग कॉलेज एकाच संस्थेची असली तरी इमारती आणि गेटं वेगळी असतात. मग जवळचा फाटा किंवा चौक कोणता हे तिथल्याच माणसाला विचारा. आमच्या बाबतीत तो निघाला पंढरपूर. विठोबाचं सोलापूरकडचं पंढरपूर नव्हे, वाळूजच्या अलीकडचं छोटं पंढरपूर. नवख्या माणसाला हे नाव ऐकून गोंधळायला होतं, पण त्या रस्त्याच्या रिक्षा हेच नाव पुकारतात.

आम्ही शुक्रवारीच मुक्कामाला आलो होतो. शनिवारी ताई, भाचा आणि मी सिडकोतल्या पाहुण्यांच्या घरून बरोबर पावणेदहाला निघालो, कारण रविवारीही त्याच वेळी निघायचं होतं. नकाशा 35 मिनिटं दाखवत होता, आम्हाला सव्वा तास लागला. जालना रोडनं क्रांती चौक, पुढे बाबा पेट्रोल पंप, तिथं शेअर रिक्षा बदलली. ती भरेपर्यंत 15 मिनिटं गेली. मग नगर नाका, एएस क्लब आणि पंढरपूर. तिथून आत सव्वा किलोमीटरचा कच्चा रस्ता. ना झाड, ना रिक्षा. अकराच्या उन्हात चालत गेटवर पोचलो तेव्हा भाच्याचं तोंड लाल झालं होतं.

या फेरीनं बेत बदलला. परतताना एका रिक्षावाल्याशी बोलून रविवारसाठी घर ते गेट अशी स्पेशल रिक्षा ठरवली, त्याचा नंबर घेतला आणि आतला रस्ता त्याला दाखवूनच ठेवला. शिवाय गेटच्या वॉचमनला विचारलं, "उद्या पोरांना याच गेटानं घेणार की मागच्या?" तो म्हणाला, "मागच्या. हे गाड्यांसाठी हाय." शनिवारी हे कळलं नसतं, तर रविवारी कंपाउंडला वळसा घालत बसलो असतो.

सोबतच्या माणसानं थांबायचं कुठं, हे न ठरवणं

अकराला पोरगं आत गेलं की सोबतच्या माणसाला साडेपाचपर्यंत बाहेर काढायचे असतात. साडेसहा तास, तेही मराठवाड्यातल्या मे महिन्यात. आवारात पालकांना घेत नाहीत. गेटासमोरही थांबता येत नाही, कारण परीक्षेच्या दिवशी सेंटरच्या 100 मीटर परिसरात जमावबंदीचे आदेश असतात आणि पोलीस पालकांना मागे हटवतात. याच आदेशात त्या परिसरातली झेरॉक्सची दुकानंही बंद ठेवायला लावतात. ऐनवेळी आधारची झेरॉक्स काढू म्हणणारे तिथं अडकतात.

शनिवारी मी गेटापासून पावलं मोजत गेलो. माझ्या चालीनं 100 मीटर म्हणजे साधारण 140 पावलं. त्यापलीकडे दोनच जागा दिसल्या: एक चहाची टपरी, शेडनेटखाली चार बाकडी टाकलेली, आणि थोडं पुढे मारुतीचं मंदिर, पत्र्याचा सभामंडप असलेलं. मंदिर निवडलं. शेडनेट ऊन अडवतं, पण एप्रिल-मेच्या दुपारी वळवाचा पाऊस आला तर खाली बसता येत नाही. पुजाऱ्याला आदल्या दिवशीच विचारून ठेवलं, कारण काही ठिकाणी दुपारी मंदिराचं दार लावतात.

एक गोष्ट पुरुष माणसांच्या ध्यानात येत नाही. आई किंवा बहीण सोबत असेल तर स्वच्छतागृह कुठं आहे, हे आधी बघा. मागच्या खेपेला ताईनं दिवसभर पाणीच प्यायलं नव्हतं, जायला जागा नाही म्हणून. संध्याकाळी तिचं डोकं ठणकत होतं. या वेळी चौकातल्या पेट्रोल पंपावर शनिवारीच विचारून घेतलं.

भेटायची जागा फोनवर ठरवू म्हणणं

आत मोबाईल नेता येत नाही, बॅगही नाही. म्हणजे पोराचा फोन तुमच्या खिशात आणि पोरगं पाचनंतर शेकडो मुलांच्या लोंढ्यात. "सुटल्यावर कॉल कर" हे वाक्य त्या दिवशी निरुपयोगी आहे. जागा आधी दाखवून ठेवा, एकाच माणसाला तिथं बसवा आणि त्यानं जागा सोडायची नाही. तुमचा नंबर पोराकडून तोंडपाठ म्हणवून घ्या. कागदावर लिहून दिलेला नंबर झडतीत बाहेर टाकला जातो.

शनिवारी गेटावरून मंदिरापर्यंत आम्ही भाच्याला चालवत नेलं आणि त्याला सांगितलं, "बाहेर आलास की डाव्या हातानं, गर्दीकडं बघायचं नाही, सरळ मारुतीपाशी यायचं. तुझी आई तिथंच बसलेली असेल." रविवारी 5 वाजून 35 मिनिटांनी तो मंदिराच्या पायरीशी आला. मी तोवर चौकात रिक्षावाल्याला बोलवायला गेलो होतो. सिडकोवरून जालना आणि तिथून मंठ्याकडची शेवटची गाडी किती वाजता आहे, हे मी आदल्या रविवारीच जालन्याच्या चौकशी खिडकीवर विचारून वहीत लिहून ठेवलं होतं.