बाण कुठून निघतो ते आधी

तुझा पेपर समोर घेऊन बसलोय. 3-मिथाइल-1-ब्यूटीनवर HBr ची क्रिया विचारली होती. तू मार्कोव्हनिकोव्हचा नियम लिहिलास, ब्रोमिन दुसऱ्या कार्बनवर बसवलास आणि मोकळी झालीस. नियम बरोबर, उत्तर अर्धवट. "सगळं पाठ होतं, सर" म्हणालीस, ते दिसतंच आहे. मीही विद्यार्थी असताना भिंतीवर अभिक्रियांचा भला मोठा तक्ता लावला होता. त्यात नसलेला पहिलाच प्रश्न आला आणि पेन थांबलं.

तुझी चूक त्याआधीच झालीये. तुझा बाण H पासून डबल बॉन्डकडे गेलाय. बाण म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जोडीचा प्रवास. HBr मधल्या H कडे द्यायला जोडीच नाही, ती डबल बॉन्डकडे आहे. म्हणून पहिला बाण डबल बॉन्डमधून H कडे, दुसरा H–Br बंधातून Br कडे. आता H टोकाच्या कार्बनवर बसला आणि धन प्रभार दुसऱ्या कार्बनवर आला.

इथे घाई करू नकोस, शेजारी बघ. तिसऱ्या कार्बनवर एक हायड्रोजन आहे. तो आपली इलेक्ट्रॉनची जोडी घेऊन दुसऱ्यावर सरकला, तर प्रभार तिसऱ्या कार्बनवर जातो. तिथे तीन कार्बन जोडलेले, म्हणजे जास्त स्थिर कार्बोकॅटायन. हा बाण C–H बंधातून काढायचा, H या अक्षरापासून नाही. मग Br⁻ येऊन चिकटतो आणि 2-ब्रोमो-2-मिथाइलब्यूटेन मिळतं. काही रेणूंत सरकण्याआधीच Br⁻ गाठतो, त्यामुळे तुझं उत्तरही मिश्रणात असतंच.

प्रत्येक पायरीला प्रभारांची बेरीज कर. ती बदलली किंवा कार्बनला पाच बंध दिसले, तर बाण चुकलाय. पेरॉक्साइड असेल तर मात्र ही गोष्ट लागू नाही. तिथे इलेक्ट्रॉन एकेकटे फिरतात, बाणही अर्ध्या टोकाचे, आणि ब्रोमिन टोकाला बसतो.

तेव्हा दोन आठवडे नवा धडा उघडू नकोस. आधी लुईस रचना, लोन पेअरसकट. मग आम्ल-अल्कली, कारण तिथे सहसा दोनच बाण लागतात. अॅसिटिक आम्लाचा pKa साधारण 4.8, इथेनॉलचा 16. इथॉक्साइड अॅसिटिक आम्लाकडून प्रोटॉन का घेतो आणि अॅसिटेट इथेनॉलकडून जवळजवळ का घेत नाही, हे बाण काढून मला सांगता आलं पाहिजे. सोडवलेलं उत्तर वाचायचं नाही. कोरा कागद घ्यायचा, अडलं की तिथेच खूण करायची आणि ती खूण मला दाखवायची.

येताना 3,3-डायमिथाइल-1-ब्यूटीन आणि HCl करून आण. तिथे शेजारच्या कार्बनवर हायड्रोजनच नाही. मग सरकतं कोण?